शोग्रेनमुळे कोरडं पडलेलं तोंड: जेल आधी की फ्लोराइड आधी?

प्रश्न: मला शोग्रेन आजार आहे, वय ४७. तोंड सतत कोरडं असतं. दिवसातून दोनदा ब्रश करते, गोड फारसं खात नाही, तरी दीड वर्षात ५ दात हिरडीच्या कडेला किडले. त्यात खालचे पुढचे दोन आहेत आणि एक जुन्या कॅपच्या कडेला. दिवसभरात लिंबाच्या चवीच्या बिनसाखरेच्या ८-१० गोळ्या चघळते, रात्री ओलाव्याचं जेल लावते. आता डॉक्टरांनी ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट दिली आहे. ती कधी आणि किती लावायची? जेल आधी लावायचं की पेस्ट?

उत्तर: पेस्ट आधी, जेल निदान अर्ध्या तासानं. लिंबाच्या गोळ्या आजपासून बंद. या दोन गोष्टी लगेच करा आणि मग पुढचं वाचा, कारण क्रम नुसता पाठ करून भागत नाही. तो तसा का आहे हे कळलं तर प्रवासात, आजारपणात, घाईच्या दिवशी काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

तुमच्या किडीच्या जागांवरून बरंच कळतं. खालचे पुढचे दात एरवी तोंडातले सर्वांत सुरक्षित दात असतात. जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या त्यांच्या मागेच उघडतात, त्यामुळे ते दिवसरात्र लाळेत भिजलेले असतात. तेच किडू लागले म्हणजे काही न खाता, आपोआप झिरपणारी लाळ जवळजवळ थांबली आहे. शोग्रेनमध्ये शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी लाळग्रंथीत घुसून बसतात आणि लाळ तयार करणारा भाग हळूहळू निकामी करतात. लाळ कमी होते, आणि उरलेल्या लाळेत आम्ल मारण्याची ताकदही कमी पडते. म्हणून ब्रश नीट करूनही कीड लागते. तुमच्या स्वच्छतेत खोट असेलच असं नाही.

हिरडीच्या कडेलाच कीड का, याचं कारण रसायनात आहे. पीएचचा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. दाताच्या वरच्या भागावरचं इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं. हिरडी किंचित खाली सरकली की उघडं पडणारं मूळ मात्र ६.२ ते ६.४ च्या आसपासच विरघळायला लागतं. निरोगी तोंडातल्या लाळेचा पीएच ६.७ ते ७ च्या घरात असतो, म्हणजे मुळाला मोकळीक फारच थोडी. लाळ भरपूर असली की खाल्ल्यावर घसरलेला पीएच अर्ध्या-पाऊण तासात पूर्ववत होतो. कोरड्या तोंडात तो बराच जास्त वेळ खालीच राहतो. तुमच्या दातांसाठी किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा तोंडात काही गेलं हे महत्त्वाचं आहे.

आता गोळ्यांचा हिशेब करू. लिंबाच्या चवीसाठी त्यात बहुधा सायट्रिक आम्ल असतं. साखर नाही म्हणून जंतूंना खाद्य मिळत नाही हे खरं, पण आम्ल थेट दातावर काम करतं, त्याला जंतूंची गरज नाही. एक गोळी विरघळायला दहा मिनिटं आणि नंतर तोंड सावरायला निदान वीस मिनिटं धरली, तरी आठ गोळ्यांचे ४ तास होतात. रोज ४ तास तुमच्या दातांची मुळं आम्लात असतात. तुमच्या सगळ्या दिनक्रमातली ही सर्वांत मोठी गळती आहे, आणि ती चालू असेल तर ५००० पीपीएमची पेस्टही पुरी पडणार नाही. ‘बिनसाखरेचं’ या शब्दावर विसंबू नका. घटकांच्या यादीत सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल दिसलं की ती वस्तू दात असलेल्या कोरड्या तोंडासाठी नाही, असं समजा. लाळ वाढवणारे काही स्प्रेसुद्धा मॅलिक आम्लावर चालतात, हे ध्यानात असू द्या.

गोळ्यांच्या जागी काय वापरायचं हे ठरवण्याआधी एक छोटी चाचणी घरीच करा. ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा हवा. सकाळी, काही खाऊन-पिऊन दीड तास झाल्यावर, एक छोटा पेला रिकामा तोलून घ्या. खुर्चीत बसून मान थोडी पुढे झुकवा आणि १५ मिनिटं तोंडात येईल ती लाळ पेल्यात सोडा. जीभ, गाल हलवायचे नाहीत, चघळायचं नाही. पेला पुन्हा तोला. १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली. समजा ०.९ ग्रॅम भरलं, तर १५ नं भागून मिनिटाला ०.०६ मिली. मिनिटाला ०.१ मिली किंवा त्याहून कमी, म्हणजे १५ मिनिटांत दीड मिलीपर्यंत, ही शोग्रेनच्या निदानात वापरली जाणारी सीमा आहे. निरोगी माणसाची सरासरी ०.३ ते ०.४ असते.

मग दुसरा भाग. बिनचवीचं, बिनसाखरेचं च्युइंगगम किंवा मेणाचा तुकडा ५ मिनिटं चघळत लाळ दुसऱ्या पेल्यात जमवा. समजा आता ३ ग्रॅम जमलं, म्हणजे मिनिटाला ०.६ मिली. निरोगी आकडा १ च्या वर असतो, तेव्हा हेही कमीच. पण ०.०६ वरून ०.६ म्हणजे दहापट, आणि याचा अर्थ ग्रंथींत अजून जीव आहे. अशा वेळी खाल्ल्यानंतर झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थाचं गम १०-१५ मिनिटं चघळणं हा गोळ्यांना खरा पर्याय आहे, कारण त्यातून तुमची स्वतःची लाळ येते आणि तिच्यासोबत कॅल्शियम, फॉस्फेट, बायकार्बोनेट येतं. कोणत्याही बाटलीतल्या द्रवाला ते पुरतं जमलेलं नाही. झायलिटॉल एकदम जास्त घेतलं तर पोट बिघडतं, म्हणून दिवसाला एक-दोन गमपासून सुरुवात करा. जबड्याचा सांधा दुखत असेल तर गम सोडून झायलिटॉलची चघळायची गोळी घ्या, मात्र तीही आंबट नसलेली. (घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल त्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्याच्यासाठी ते विष आहे.)

चघळूनही आकडा जागचा हलत नसेल, तर गमचा फायदा थोडा आणि कृत्रिम लाळेवरचा भर जास्त. ग्रंथींत जीव असेल तर पिलोकार्पिन किंवा सेव्हिमेलिन या लाळ वाढवणाऱ्या औषधांबद्दल संधिवाताच्या डॉक्टरांशी बोला. पिलोकार्पिन सहसा ५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा देतात, आणि पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. पहिल्याच आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून अनेक जण ते सोडून देतात. घाम येणं हा त्याचा सर्वांत त्रासदायक परिणाम. आटोक्यात नसलेला दमा आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर ही औषधं घ्यायची नाहीत. त्याच भेटीत तुमच्या चालू औषधांची यादीही दाखवा. ॲलर्जीच्या काही गोळ्या, काही नैराश्यरोधक आणि लघवी आवरण्याची काही औषधं उरलीसुरली लाळही आटवतात. कधीकधी एक गोळी बदलल्यानंही फरक पडतो.

कृत्रिम लाळेकडून काय अपेक्षा ठेवायची हे स्पष्ट असलेलं बरं. जेल, स्प्रे आणि द्रव यांत सेल्युलोज, झँथन गम, ग्लिसरीन यांसारखे घट्टपणा देणारे पदार्थ असतात. ते जीभ-गाल बुळबुळीत ठेवतात, घास सरकवतात, झोप लागू देतात. काहींत डुकराच्या जठरातून काढलेलं म्युसिन असतं. प्राणिजन्य चालत नसेल तर घटक विचारून घ्या. आराम मात्र थोडाच वेळ टिकतो, कारण गिळलं की ते गेलं. दाताचं संरक्षण हा बहुतेकांचा गुण नाही, आणि जुन्या धाटणीचे काही द्रव तर ५ च्या आसपास पीएच असलेले, म्हणजे आम्लधर्मी आहेत. दात असलेल्या माणसानं तटस्थ पीएचचं उत्पादन निवडावं, फ्लोराइड असेल तर आणखी बरं. पाकिटावर पीएच नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पीएचच्या पट्टीवर एक थेंब टाका. रंग ६.५ च्या खाली दाखवत असेल तर ते परत ठेवा.

आता फ्लोराइड. ५००० पीपीएम म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्ये ५ मिलिग्रॅम फ्लोराइड, नेहमीच्या पेस्टच्या साडेतीन ते पाचपट. काही उत्पादनांवर झोपताना एकदा, काहींवर दिवसातून तीनदा वापरायचं लिहिलेलं असतं. तुम्हाला दिलेल्या पेस्टवर जे लिहिलं आहे आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते पाळा. वेगळं काही सांगितलं नसेल तर तुमच्या अवस्थेत रात्री एकदा नक्की आणि सकाळी एकदा, असं विचारून घ्या. दर वेळी वाटाण्याएवढी, म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम. ही पेस्ट नेहमीच्या पेस्टच्या जागी वापरायची, तिच्यानंतर नाही. गिळायची नाही, आणि घरातल्या मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवायची.

कोरड्या तोंडात फ्लोराइडची एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. लाळ कमी असल्यामुळे साखर जशी जास्त वेळ रेंगाळते, तसं फ्लोराइडही रेंगाळतं. दोन मिनिटं ब्रश करून थुंकलं आणि चूळ भरली नाही, तर त्याचा अंश दातांवर बराच वेळ राहतो. रात्री तर आणखीच, कारण झोपेत लाळ जवळपास शून्य होते. म्हणून रात्रीची पाळी कधीच चुकवायची नाही. विरुद्ध बाजूची गोष्ट अशी की फ्लोराइड एकटं दात भरून काढत नाही. त्याला लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट लागतं, आणि तेच तुमच्याकडे तुटपुंजं आहे. म्हणून काही जणांना दुधातल्या केसीनपासून केलेलं कॅल्शियम-फॉस्फेटचं क्रीम जोडीला देतात. ते फ्लोराइडनंतर लावायचं. फ्लोराइडच्या बदल्यात ते चालत नाही, आणि दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर मुळीच नाही.

तुमची रात्र अशी बसवता येईल. जेवण ९ ला संपलं, त्यानंतर पाण्याखेरीज तोंडात काही नाही. साडेनऊला एका पेल्यात पाव चमचा खायचा सोडा घालून त्या पाण्यानं चूळ भरा. आम्ल मारलं जातं आणि चिकट थरही सैल होतो. मग फटींच्या मापाच्या दातांमधल्या छोट्या ब्रशनं फटी साफ करा. आता ओल्या, मऊ ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन दोन ते तीन मिनिटं ब्रश करा आणि सुरुवात हिरडीच्या कडेपासून करा, कारण कोरड्या तोंडात पेस्ट जिथे पहिल्यांदा टेकते तिथेच चिकटून राहते, बाकीकडे पसरत नाही. शेवटी छोट्या ब्रशच्या टोकावर थोडी पेस्ट घेऊन कॅपच्या कडेला आणि खालच्या पुढच्या दातांच्या फटींत फिरवा. थुंका, पुन्हा थुंका. चूळ नाही.

बहुतेकांची अडचण इथेच येते. लाळ नसल्यामुळे पेस्टचा घट्ट, तिखट लेप जिभेवर बसतो आणि चूळ भरल्याशिवाय राहवत नाही. त्यासाठी ओल्या गॉजनं फक्त जीभ आणि गालांची आतली बाजू पुसून घ्या, दातांना हात लावू नका. पेस्ट झोंबत असेल तर तिच्यात पुदिन्याची तीव्र चव किंवा फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट आहे का पाहा आणि सौम्य, बिनफेसाची त्याच ताकदीची पेस्ट मागून घ्या. झोंबते म्हणून कमी लावणं किंवा लगेच धुऊन टाकणं, यात सगळी मेहनत वाया जाते.

ब्रश झाल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. साडेदहाला, झोपताना, जेल. बोटाच्या टोकावर साधारण १ सेंटिमीटर, आधी जिभेवर, मग गालांच्या आत आणि हिरड्यांवर पातळ पसरवा. हेच जेल आधी लावलं असतं तर त्याचा बुळबुळीत थर दातांवर राहिला असता आणि पेस्टला दातापर्यंत नीट पोहोचता आलं नसतं. लगोलग नंतर लावलं तर फ्लोराइड पातळ होतं आणि पुसलंही जातं. अर्धा तास थांबणं असह्य होत असेल तर जेवण आणि ब्रश दोन्ही आणखी लवकर उरका. क्रम उलटा करू नका. रात्री जाग आली तर उशाशी साधं पाणी किंवा तटस्थ स्प्रे, बाकी काही नाही. साखर घातलेल्या चहा-कॉफीचा एक घोट किंवा खोकल्याची साखरी गोळी रात्री तीनला जेवढं नुकसान करते तेवढं दुपारी करत नाही, कारण त्या वेळी धुऊन न्यायला लाळ नसते.

सकाळी नाश्त्यानंतर सोड्याची चूळ, मग पेस्ट, पुन्हा अर्धा तास थांबणं. नाश्ता आंबट असेल तर पेस्ट आधीच करून घ्या. दिवसभर पाण्याचे घोट चालतील, पण पाणी कोरडेपणा झाकतं एवढंच, आणि सतत घोट घेत राहिल्यानं तोंडात असलेली थोडी लाळही वाहून जाते. गरज वाटेल तेव्हाच छोटे घोट, आणि अधूनमधून गम, हे बरं.

घरच्या पेस्टसोबत दवाखान्यात दर ३ महिन्यांनी फ्लोराइड व्हार्निश लावून घ्या. ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश म्हणजे २२,६०० पीपीएम. ते लावलेल्या दिवशी ब्रश आणि तुमची ताकदवान पेस्ट दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबवा. एवढं करूनही नवे डाग दिसले तर पुढची पायरी म्हणजे तुमच्या दातांच्या मापाचे मऊ ट्रे. त्यांत १.१ टक्के तटस्थ सोडियम फ्लोराइडचं जेल पातळ रेघेएवढं भरून रोज ५ मिनिटं घालायचे. ट्रे हिरडीच्या कडेपर्यंत येतो ना ते बघून घ्या, अर्ध्यावर थांबणारा ट्रे तुमच्या किडीच्या नेमक्या जागा उघड्या ठेवतो. जेल तटस्थच हवं. आम्लधर्मी फ्लोराइड जेल कोरड्या तोंडात झोंबतं आणि ग्लास आयोनोमरची भरणं व सिरॅमिकच्या कॅप खरखरीत करतं.

उपयोग होतोय हे ओळखायचं कसं? मुळावरची चालू कीड निस्तेज, पिवळसर-तपकिरी आणि चामड्यासारखी मऊ लागते. थांबलेली कीड काळपट, चकचकीत आणि कडक होते. तेव्हा डाग काळा पडला म्हणून घाबरू नका. तो मऊ आहे की कडक, हे दंतवैद्यांना बोथट प्रोबनं हलकेच तपासायला सांगा. टोकदार प्रोब मऊ जागेत खुपसला तर तिथेच खड्डा पडतो. दर महिन्याला त्याच उजेडात खालच्या पुढच्या दातांचा फोटो काढून ठेवा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ नव्यानं दिसली तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. दाढांच्या फटींसाठी सुरुवातीला दर ६ महिन्यांनी बाइटविंग एक्स-रे. कॅपखालची कीड मात्र एक्स-रेत धातूआड लपते, म्हणून तिथे कडेची तपासणीच खरी.

भरावं लागलंच तर हिरडीच्या कडेला फ्लोराइड सोडणारं रेझिन-मिश्रित ग्लास आयोनोमर चांगलं. साधं ग्लास आयोनोमर फार कोरड्या तोंडात सुकून तडकू शकतं. न दिसणाऱ्या मागच्या मुळांवर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून कीड थांबवता येते. जागा कायमची काळी पडते, ते मान्य असेल तरच.

आणखी दोन गोष्टींकडे लक्ष असू द्या. जीभ लालभडक, गुळगुळीत होऊन जळजळ वाढली किंवा ओठांचे कोपरे फुटले, तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग आहे, नुसता कोरडेपणा नाही. जेल वाढवून तो जात नाही, त्याला औषध लागतं. पण निस्टॅटिनच्या द्रवात आणि तोंडात विरघळवायच्या बुरशीरोधक गोळ्यांत बऱ्याचदा साखर असते, आणि ती दिवसातून चार-पाच वेळा तोंडात जाते. साखर नसलेला पर्याय मागा. तो नसेल तर दर डोसनंतर थोड्या वेळानं सोड्याच्या पाण्यानं चूळ भरा. दुसरी गोष्ट, कानाखालची लाळग्रंथी एका बाजूनं सुजून आठवडेच्या आठवडे कडक राहिली, तर दंतवैद्यांकडे न थांबता संधिवाताच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. शोग्रेनमध्ये त्या ग्रंथीत लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाची, शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि ती सूज वेळेत तपासणं गरजेचं आहे.